मॅट पडदा प्रकाश कमी करत नाही

भाचीचा नवा लॅपटॉप चकचकीत पडद्याचा, म्हणजे ग्लॉसी. तिचं टेबल असं की पाठीमागे मोठी खिडकी. दुपारी लेक्चर सुरू झालं की फळ्याच्या काळ्या पार्श्वभूमीवर तिला खिडकीचे गज आणि स्वतःचा चेहरा दिसायचा. दुकानदार म्हणाला, "मॅट घ्यायला हवा होता, त्यात रिफ्लेक्शन येतच नाही." हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे.

प्रकाश हवेतून काचेत शिरताना त्याचा वेग बदलतो, आणि या सीमेवरच त्याचा काही भाग परत फिरतो. साध्या काचेसाठी हा भाग सुमारे 4 टक्के असतो. काच कितीही स्वच्छ पुसली तरी तो 4 टक्केच राहतो. मॅट पडद्याचा पृष्ठभाग बारीक खडबडीत केलेला असतो, पण सीमा तीच असल्यामुळे परत फिरणारा प्रकाशही जवळजवळ तेवढाच असतो. फरक पडतो तो दिशेत.

पौर्णिमेला स्थिर तळ्यात चंद्राचं एकच लखलखीत बिंब दिसतं. वारा सुटला की तेच बिंब मोडून पाण्यावर लांबच लांब चंदेरी पट्टा पसरतो. चंद्र तोच आणि पाणीही तेच, फक्त प्रत्येक लहर आपापल्या कलाने किरण वळवते. ग्लॉसी पडदा म्हणजे शांत तळं आणि मॅट पडदा म्हणजे लहरींचं. एका जागी डोळ्यांत घुसणारा प्रकाश सगळ्या पडद्यावर पातळ होऊन पसरतो. मला ही कल्पना फार आवडते, कारण मॅट कुठे उपयोगी पडेल आणि कुठे नाही, हे सगळं तिच्यातूनच निघतं.

आता भाचीच्या खोलीचा हिशेब करू. पडद्याची उजळता निटमध्ये मोजतात. एक निट म्हणजे चौरस मीटरमागे एक कँडेला, साधारण एका मेणबत्तीइतका प्रकाश. तिच्या लॅपटॉपची कमाल उजळता 250 निट आहे. खिडकीतून दिसणारं उजळ आकाश 5000 निट धरू. त्याचे 4 टक्के म्हणजे 200 निट. ग्लॉसी पडद्यावर जिथे खिडकीचं प्रतिबिंब पडतं तिथे काळा रंग काळा न राहता 200 निटचा होतो आणि पांढरा 450 चा. दोघांत जेमतेम सव्वादोन पटींचा फरक उरतो. वेबवरच्या साध्या आकाराच्या मजकुरासाठी WCAG हे मानक 4.5 पट मागतं. ग्लॉसीवर तेवढं मिळवायचं तर 700 निटचा पडदा लागेल.

खिडकी एक चौरस मीटरची आणि पडद्यापासून दोन मीटरवर असेल, तर पडद्यावर सुमारे 1250 लक्स प्रकाश पडतो; लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचं माप. त्याचे 4 टक्के म्हणजे 50 लक्स, ते सर्व दिशांना सारखे पसरले तर π ने भागून वाट्याला फक्त 16 निट येतात. खरा मॅट पडदा इतका सारखा पसरवत नाही, म्हणून 40 धरू. तरीही 250 निटवर पांढरा काळ्याच्या सातपट उजळ राहतो. म्हणजे इथे मॅट नक्कीच जिंकतो.

पण तोच लॅपटॉप गॅलरीत नेला तर? सावलीतही तिथे 10,000 लक्स असू शकतात आणि प्रकाश चारी बाजूंनी येतो. तो पसरवून काही साधत नाही, कारण सगळीकडून तितकाच येतोय. मॅटवर सुमारे 127 निटचा पांढुरका पडदा चढतो, आणि ग्लॉसीवर तुमच्या पांढऱ्या शर्टाचं प्रतिबिंब 100 निटच्या आसपास असतं. इथे दोघेही हरतात. उपाय दोनच: जास्त निट, किंवा परत फिरणारा प्रकाशच कमी करणारा थर. चष्म्याच्या काचेवर हिरवट-जांभळी झाक दिसते, तो हाच थर. त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या लाटा एकमेकींना मारतात. चांगला थर 4 टक्क्यांचा अर्धा टक्काही करू शकतो.

जाहिरातीतल्या "1000 निट" या आकड्याला भुलू नका. बहुतेकदा तो एचडीआर व्हिडिओतल्या छोट्याशा उजळ भागापुरता असतो. संपूर्ण पांढऱ्या पानाला किती निट मिळतात ते विचारा. मॅट गार्डने "डोळ्यांचं संरक्षण" होतं हा दावाही पोकळ आहे. प्रतिबिंब फुटलं की वाचणं सोपं होतं, त्यापलीकडे काही नाही. उलट तो खडबडीतपणा पिक्सेलांवर छोट्या भिंगांसारखा वागतो आणि पांढऱ्या पानावर रवाळ चमचम दिसू लागते.

दुकानात पडदा बंद करून मोबाइलचा टॉर्च त्याच्यावर धरा. टोकदार ठिपका दिसला तर ग्लॉसी, धुरकट डाग दिसला तर मॅट, आणि ठिपका टोकदार पण मंद आणि रंगीत दिसला तर वर थर आहे.

भाचीने लॅपटॉप बदलला नाही. टेबल काटकोनात फिरवलं, खिडकी बाजूला आली आणि पडद्यासमोर फिकट भिंत राहिली. 500 लक्स पडलेली पांढरी भिंत सव्वाशे निटची असते, तिचे 4 टक्के म्हणजे 5 निट. आता ती 150 निटवर लेक्चर बघते आणि फळा काळाच दिसतो.