बाटलीमागची वर्तुळं

अत्तराच्या एका बाटलीचा फोटो तयार करत होतो. मूळ फोटोतून बाटली कापून वेगळी केली आणि मागे गडद राखाडी बॅकड्रॉप संगणकावरच बनवला: मधे थोडा उजेड, कोपऱ्यांकडे जाता जाता अंधार. काम करताना सगळं छान दिसत होतं. फाइल सेव्ह करून दुसऱ्या स्क्रीनवर उघडली, तर पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी वर्तुळं बाटलीभोवती पसरलेली. या दोषाला बँडिंग म्हणतात. त्याचं कारण नीट कळलं की बॅकड्रॉप बनवण्याची अर्धी कला हाती येते.

साध्या 8-बिट चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 0 ते 255 अशा 256 पायऱ्या असतात. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण माझ्या बॅकड्रॉपचा उजेड मध्यभागी 72 होता आणि कोपऱ्यात 28. म्हणजे वापरात आल्या फक्त 44 पायऱ्या. चित्र 3000 बाय 3000 पिक्सेलचं. मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर सुमारे 2120 पिक्सेल. भागाकार केला तर एकेक पायरी 48 पिक्सेल रुंद येते, आणि एवढ्या रुंदीची एकरंगी पट्टी डोळ्याला दिसतेच. त्यात डोळ्याचा स्वभावही आड येतो. दोन सपाट छटा एकमेकींना टेकल्या की त्यांच्या सीमेवरचा फरक आपल्याला आहे त्याहून जास्त जाणवतो. एर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञानं 1865 मध्ये उजेडाच्या कडांवरचा हा भास नोंदवला, म्हणून अशा पट्ट्यांना माख पट्टे म्हणतात. बॅकड्रॉपमध्ये निळसर झाक असेल तर आणखी एक गोष्ट होते. लाल, हिरवा आणि निळा आपापली पायरी वेगवेगळ्या जागी बदलतात, आणि राखाडीत मधेच जांभळट किंवा हिरवट कडा उमटतात.

यावर पहिला उपाय सुचतो तो ब्लरचा. पट्ट्या दिसतात, तर त्या पुसून काढू. पण ब्लरचं उत्तरही शेवटी त्याच 44 पायऱ्यांत बसवावं लागतं, त्यामुळे पट्ट्या होत्या तिथेच राहतात. खरा उपाय उलट्या दिशेचा आहे: गुळगुळीत चित्रात मुद्दाम खरखर मिसळायची, म्हणजे नॉइज. समजा एखाद्या जागी उजेड 47.3 असायला हवा. नॉइज नसेल तर तो आकडा दरवेळी 47 वर येतो आणि .3 कायमचा हरवतो. त्या 47.3 मध्ये आधी थोडी यादृच्छिक कमीजास्त भर घातली आणि मग पूर्णांक केला, तर दहातले साधारण सात पिक्सेल 47 होतात, तीन 48. लांबून बघणारा डोळा त्यांची सरासरी काढतो आणि त्याला 47.3 च दिसतं. लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी 1962 मध्ये चित्रं कमी बिट्समध्ये पाठवण्यासाठी हीच युक्ती मांडली होती. आजही तिला डिदरिंग म्हणतात.

इथे क्रम चुकवून चालत नाही. नॉइज पूर्णांक करण्याच्या आधी मिसळायला हवा. एकदा 8-बिट झालेल्या पट्टेदार चित्रावर नंतर खरखर टाकली तर पट्ट्या झाकल्या जातात, पण सरासरी पायऱ्यांचीच राहते. तसं चित्र पुढे लहान केलं की त्या पुन्हा वर येतात. म्हणून फाइल सुरुवातीपासून 16-बिट ठेवावी, तिच्यात पायऱ्या कितीतरी बारीक असतात; ग्रेडियंट, म्हणजे उजेडाकडून अंधाराकडे जाणारा उतार, त्यात काढावा, नॉइज त्यातच मिसळावा आणि 8-बिट करणं अगदी शेवटी. फोटोशॉपच्या `Add Noise` मध्ये एक ते दोन टक्के, `Gaussian` आणि `Monochromatic` एवढं पुरतं. `Monochromatic` विसरलात तर खरखर रंगीबेरंगी होते आणि राखाडी कागद घाणेरडा वाटतो.

आता पोत. रंगवलेल्या कापडी बॅकड्रॉपवर ढगांसारखे मऊ डाग असतात. तेही नॉइजमधूनच निघतात: वेगळ्या लेयरवर मधल्या राखाडीत भरपूर नॉइज टाकायचा आणि `Gaussian Blur` द्यायचा. इथे नवशिका हमखास अडकतो, कारण ब्लर दिला की सगळं सपाट राखाडी होतं. त्यामागे सोपं गणित आहे. ब्लर म्हणजे शेजाऱ्यांची सरासरी, आणि हजारो यादृच्छिक आकड्यांची सरासरी मध्यापाशी येऊन ठेपते. 40 पिक्सेलच्या ब्लरनंतर चढउतार सुमारे 140 पट कमी होतो. आधी तो 40 पायऱ्यांचा असेल तर नंतर उरतो पाव पायरीच्या आसपास. 8-बिट फाइलमध्ये पाव पायरीला जागाच नाही. तिथे `Levels` नं उजेड-अंधारातला फरक ताणला तर ढगांऐवजी दोन-तीन रंगांचे नकाशासारखे तुकडे दिसतात. 16-बिटमध्ये त्याच पाव पायरीत तीसेक बारीक टप्पे असतात, म्हणून ताणल्यावरही डाग मऊ राहतात. एका ताणात भागत नाही, `Levels` दोनदा वापरावं लागतं. ताणून झालं की हिस्टोग्राममधली सरासरी 128 च्या आसपास आहे ना, हे बघून घ्यावं.

ती सरासरी का बघायची, हे ब्लेंड मोडमध्ये, म्हणजे वरचा लेयर खालच्यात कसा मिसळतो त्यात, कळतं. पोताचा लेयर ग्रेडियंटवर `Overlay` मध्ये ठेवला की 128 चा राखाडी खालच्या चित्राला हात लावत नाही. त्याहून उजळ भाग उजळवतो, गडद भाग काळवंडवतो. सरासरी ढळली तर अख्खा बॅकड्रॉप उजळतो किंवा मळतो. बरेच जण इथे `Soft Light` निवडतात, कारण तो सौम्य आहे. गडद बॅकड्रॉपवर मी `Overlay` च घेतो. खालचा रंग 128 पेक्षा गडद असेल तेव्हा `Overlay` निव्वळ गुणाकार करतो, आणि खऱ्या कापडावरचा डागही पडलेल्या उजेडाचा ठरावीक हिस्साच परतवतो, म्हणजे गुणाकारच. 140 चा डाग 60 च्या जागेला 66 करतो, पण कोपऱ्यातल्या 28 ला जेमतेम 31. अंधारात कापडाचा पोत विरून जातो, तसंच. `Soft Light` मात्र अंधारात उजळ डाग जास्त उचलतो आणि गडद डाग कमी दाबतो, त्यामुळे कोपऱ्यांवर धुरकट साय येते. बॅकड्रॉप फिकट असेल तर हा हिशेब बदलतो. तिथे पांढऱ्याच्या जवळचा पोत बनवून `Multiply` मध्ये ठेवलेला बरा.

एकाच ब्लरचे डाग सारख्या मापाचे होतात आणि चित्त्याच्या कातडीसारखे दिसतात. 150, 40 आणि 8 पिक्सेल अशा तीन ब्लरचे तीन लेयर केले, बारीक होत जाईल तसा पोत फिका ठेवला, की कापड वाटायला लागतं. लहान तुकडा बनवून तो शेजारी शेजारी जोडत जाण्याच्या मी विरोधात आहे. सांधे जुळवता येतात, पण तोच डाग तिसऱ्यांदा आला की डोळा ओळखतो. पूर्ण मापाचाच पोत बनवावा.

बारीक खरखरीचा लेयर सगळ्यात वर येतो, बाटलीच्या सावलीच्याही वर. सावली हाही एक ग्रेडियंटच असतो. खरखरीत कागदावर गुळगुळीत सावली ठेवली तर ती चिकटवल्यासारखी दिसते. बाटली स्वतः मात्र मास्क करून वगळावी, तिच्यात कॅमेऱ्याची खरखर आधीच असते.

चित्र 3000 चं 1000 पिक्सेल केलं की नऊ पिक्सेलची सरासरी एकात येते आणि खरखर एक तृतीयांशावर घसरते. म्हणून आधी लहान करावं आणि खरखर त्या मापावर नव्यानं घालावी. जेपीईजीचा दर्जा फार उतरवला तर तो बारीक खरखर आधी फेकतो, आणि पट्ट्या या वेळी 8 बाय 8 च्या चौकोनांच्या कडा घेऊन परततात. फाइल देण्याआधी तीवर तात्पुरता `Levels` लेयर ठेवतो, 28 ला काळा आणि 72 ला पांढरा करतो, आणि 100 टक्के झूमवर बघतो. ताणलेल्या चित्रात वाळूसारखा दाणा दिसला तर फाइल पुढे जाते. वर्तुळं दिसली तर परत 16-बिटच्या फाइलकडे. अत्तराच्या बाटलीची फाइल तिसऱ्या खेपेला पुढे गेली.