गुण सारखेच, मग पाकिस्तान बाहेर का? गुणतक्ता आणि नेट रन रेट

२०१९च्या विश्वचषकात साखळी संपली तेव्हा न्यूझीलंड आणि पाकिस्तान दोघांचेही ११ गुण होते. दोघांनी पाच सामने जिंकले, तीन हरले आणि दोघांचा एकेक सामना पावसात वाहून गेला. शिवाय आपसातला सामना पाकिस्ताननं जिंकला होता. तरीही उपांत्य फेरीत गेला न्यूझीलंड. ‘हरवलं त्यांनीच, मग बाहेर तेच कसे?’ हा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. त्याचं उत्तर नियमांच्या क्रमात आहे. गुण सारखे झाले तर आधी विजयांची संख्या बघायची, तीही सारखी असेल तर नेट रन रेट. आपसातल्या सामन्याचा नंबर त्यानंतर होता, तिथवर गोष्ट गेलीच नाही. हा क्रम प्रत्येक स्पर्धेत सारखा नसतो, म्हणून स्पर्धा सुरू होतानाच तो बघून ठेवावा.

गुणांना फक्त निकाल कळतो. पाकिस्ताननं अफगाणिस्तानला शेवटचे दोन चेंडू राखून कसंबसं हरवलं, त्याचे दोन गुण. न्यूझीलंडनं श्रीलंकेचा धुव्वा उडवला, त्याचेही दोनच. या दोन विजयांतला फरक दाखवायचं काम नेट रन रेट करतो. आपण षटकामागे किती धावा काढल्या, त्यातून षटकामागे किती दिल्या ते वजा करायचं. अफगाणिस्तानविरुद्धच्या विजयाचा आकडा जेमतेम +०.०९ येतो. श्रीलंकेविरुद्धच्या विजयाचा येतो +५.७५.

तो कसा, ते बघू. न्यूझीलंडनं १६.१ षटकांत १३७ धावा केल्या, म्हणजे षटकामागे ८.४७. इथे १६.१ म्हणजे सोळा षटकं आणि एक चेंडू. भागाकार करताना तो १६.१७ धरायचा, नाहीतर गणित चुकतं. श्रीलंका २९.२ षटकांत १३६ धावांत गारद झाली होती. पण संघ सर्वबाद झाला की त्यानं पूर्ण ५० षटकं खेळली असं धरतात, म्हणून त्यांचा वेग फक्त २.७२. न्यूझीलंडची एकही विकेट पडली नव्हती, पण त्याचा इथे काही फायदा नाही. तेवढ्याच षटकांत सात विकेट गमावून जिंकले असते तरी आकडा तोच आला असता.

पाकिस्तानच्या पहिल्या सामन्यात नेमकं उलट झालं. वेस्ट इंडिजनं त्यांना २१.४ षटकांत १०५ धावांत गुंडाळलं. ५० षटकं धरून वेग २.१०. मग वेस्ट इंडिजनं १३.४ षटकांतच १०८ धावा करून सामना संपवला, वेग ७.९०. एका दुपारीत –५.८०! गुणतक्त्यात मात्र ही एक साधी हार, जशी एका धावेनं झाली असती तशीच.

आणखी एक गैरसमज फार दिसतो. प्रत्येक सामन्याचे आकडे काढून त्यांची सरासरी घेत नाहीत. सगळ्या सामन्यांतल्या धावा एकत्र, सगळी षटकं एकत्र आणि मग एकच भागाकार. वाहून गेलेला सामना एक गुण देतो, पण या हिशोबात येत नाही. असं केल्यावर पाकिस्तानच्या धावा झाल्या २०२५ आणि त्यांनी दिल्या १९९४. म्हणजे दिल्या त्यापेक्षा ३१ धावा जास्तच काढल्या, तरी नेट रन रेट –०.४३०! कारण त्या धावा काढायला जवळपास ३८९ षटकं लागली आणि दिल्या त्या सुमारे ३५४ षटकांत. षटकांमधली ही तफावत मुख्यतः त्या वेस्ट इंडिजच्या सामन्यातली आहे. तो एक सामना वगळून हिशोब केला तर आकडा +०.१२ होतो. न्यूझीलंडचा +०.१७५ होता, म्हणजे तेव्हाही पाकिस्तान मागेच, पण अगदी थोडक्यात.

म्हणूनच बांगलादेशविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात नाणेफेक इतकी महत्त्वाची ठरली. पाकिस्तानला नुसता विजय पुरणार नव्हता, तीनशेहून जास्त धावांचं अंतर हवं होतं. पाठलाग करताना लक्ष्य गाठलं की सामना तिथेच संपतो, त्यामुळे एवढं अंतर फक्त पहिली फलंदाजी करूनच मिळू शकत होतं. पाकिस्ताननं नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली आणि ३१५ धावा केल्या. तेव्हा हिशोब असा आला की बांगलादेशला ७ धावांत गुंडाळावं लागेल. त्यांनी २२१ केल्या. पाकिस्तान ९४ धावांनी जिंकला, दोन गुण मिळाले आणि गुणांत न्यूझीलंडशी बरोबरीही झाली.