घसरलेला खुबा परत जागेवर का बसवत नाहीत: स्क्रूपर्यंतचा प्रवास

वाढत्या वयातल्या मुलांच्या खुब्याचा एक आजार आहे, स्लिप्ड अप्पर फीमोरल एपिफिसिस, बोलताना आम्ही नुसतं ‘स्लिप’ म्हणतो. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला जो गोल बॉल असतो तो आणि त्याखालची हाडाची मान यांच्यामध्ये ग्रोथ प्लेट असते, म्हणजे हाड जिथून वाढतं तो थर, आणि १० ते १६ या वयात हाड झपाट्याने वाढत असताना ती प्लेट कमकुवत असते. त्यात वजन जास्त असेल तर ती तिरका ताण सोसत नाही आणि सरकते. थायरॉईड कमी असणं, ग्रोथ हॉर्मोनचे उपचार, किडनीचा जुना आजार हीसुद्धा कारणं असतात, म्हणून मूल फारच लहान किंवा बारीक असेल तर रक्त तपासावंच लागतं. बॉल घसरला असं आपण म्हणतो खरं, पण बॉल वाटीत जागच्या जागी असतो, मानच पुढे आणि वर सरकते आणि बाहेर वळते. हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

आजार जुनाच आहे. फ्रेंच सर्जन आंब्रुआझ पारे यांनी १५७२ मध्येच लिहून ठेवलंय की हे टोक कधीकधी सुटतं आणि सर्जन फसतो, त्याला खुबा निखळलाय असं वाटतं. तेव्हा एक्स-रे नव्हताच, बोटांनी चाचपून जे कळेल ते. पुढे १८८८ मध्ये जर्मनीत म्यूलर यांनी वाढत्या वयात मांडीच्या हाडाची मान वाकते असं वर्णन केलं, म्हणजे दिसत होतं बरोबर, पण नेमकं कुठे सरकलंय ते उमगलं नव्हतं. १८९५ मध्ये एक्स-रे आले तेव्हा कुठे हाडाचा आकार डोळ्यांसमोर आला.

आणि दिसल्यावर सर्जनला जे सुचणार तेच सुचलं, वाकडं झालंय ना मग सरळ करा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिटमन वगैरे मंडळी भूल देऊन पाय आत फिरवून खेचून बॉल जागेवर आणायची आणि मग कमरेपासून पायापर्यंत प्लॅस्टर, ते कित्येक आठवडे. एक्स-रे सुंदर दिसायचा. पण काही महिन्यांनी काही मुलांचा बॉल चपटा व्हायला लागायचा, कारण बॉलला रक्त पुरवणाऱ्या बारीक नसा मानेच्या मागच्या बाजूने, हाडाला चिकटून वर जातात, आणि स्लिप हळूहळू झाली असेल तर त्या आखडून नव्या जागेशी जुळवून घेतात, अशात तुम्ही झटक्यात सरळ केलं की त्या ताणल्या जातात नाहीतर तुटतात. रक्त थांबलं की हाड मरतं. शिवाय वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९३० मध्ये दाखवलं की काही खुब्यांमध्ये कूर्चाच झिजून जाते आणि सांधा आखडतो. मला वाटतं इथेच विचार पालटायला हवा होता, पण वाकडं हाड तसंच सोडायचं हे सर्जनच्या हाताला पटत नाही.

मग खिळे आले. आधी स्मिथ-पीटरसनचा जाड तीन पाती असलेला खिळा, तो ठोकावा लागायचा आणि ठोकताना बॉल आणखी ढकलला जायचा. नंतर बारीक पिना, तीन-चार एकदम. त्यांनी बॉल धरला, पण नवी अडचण आली. बॉल गोल, आणि एक्स-रे सपाट, त्यामुळे दोन्ही चित्रांत पीन आतच दिसते आणि प्रत्यक्षात टोक सांध्यात बाहेर आलेलं असतं. १९८० मध्ये वॉल्टर्स आणि सायमन यांनी हा आंधळा कोपरा नीट दाखवला, आणि कूर्चा झिजण्याच्या बऱ्याच केसेसचा उलगडा त्यातून झाला. म्हणून चार पिनांऐवजी एकच मजबूत स्क्रू, बॉलच्या अगदी मधोमध, ही पद्धत १९८० नंतर रुळली. पुढे अमेरिकेत आयोवामधल्या १५५ खुब्यांचा सरासरी ४१ वर्षांचा पाठपुरावा १९९१ मध्ये छापून आला, त्यात दिसलं की स्लिप कितीही असली तरी जागच्या जागी पीन केलेल्यांचं दीर्घकाळ सगळ्यात बरं चाललं आणि सरळ करायला गेलेल्यांना त्रास जास्त झाला.

आता एक नेहमी दिसणारी केस घ्या. १३ वर्षांचा मुलगा, वजन जास्त, डावा गुडघा सात आठवडे दुखतोय. गुडघ्याचा एक्स-रे काढला, नॉर्मल, गोळ्या दिल्या, खेळ बंद. पण दुखणं गुडघ्याचं नव्हतंच, खुब्याला आणि गुडघ्याला संवेदना नेणारी एकच ऑब्ट्यूरेटर नर्व्ह जाते म्हणून दुखणं खाली जाणवतं. झोपवून डावा पाय खुब्यात वाकवला की मांडी आपोआप बाहेर वळते, आत फिरवायला गेलं की तो कळवळतो. एवढं दोन मिनिटांत कळतं आणि तेवढंच राहून जातं, याचा मला खरंच फार त्रास होतो.

एक्स-रे दोन हवेत. समोरच्या चित्रात मानेच्या वरच्या कडेला रेघ ओढायची, ती क्लाइनची रेघ, एरवी ती बॉलचा थोडा भाग कापते, इथे नुसती शेजारून निघून जाते, त्याला ट्रेथोवन साइन म्हणतात. मानेवर चंद्रकोरीसारखा पांढरा पट्टा दिसतो, मागे सरकलेला बॉल मानेवर पडून दाट दिसतो तो, १९८६ मध्ये स्टील यांनी सांगितलेला. पण सुरुवातीची स्लिप मागे असते म्हणून समोरून फसवते, बाजूचा एक्स-रे हवाच. आणि मूल पाय टेकूच शकत नसेल तर बेडकासारखे पाय फाकवून तो घ्यायचा नाही, पाय न हलवता बाजूने घ्यायचा.

पाय टेकता येतो का, हाच १९९३ पासून सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. लोडर यांनी ५५ खुबे बघितले, कुबड्या घेऊनही चालता न येणाऱ्या ३० पैकी १४ जणांचा बॉल मेला, चालणाऱ्या २५ पैकी एकाचाही नाही. आपला मुलगा लंगडत का होईना चालतोय, म्हणजे स्टेबल. तरी त्याला घरी चालत पाठवायचं नाही, पाय घसरून पडला तर पुढच्या क्षणी अनस्टेबल होईल. व्हीलचेअर, भरती, आणि शक्य तितक्या लवकर ऑपरेशन.

टेबलावर पाय ओढायचा नाही. सी-आर्म म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं मशीन, त्याखाली मानेच्या पुढच्या बाजूने गाइड वायर घालायची, बाजूने नाही, कारण मानेच्या मानाने बॉल मागे आहे आणि स्क्रू ग्रोथ प्लेटला काटकोनात बसायला हवा. त्यावरून साधारण ७ मिलिमीटरचा पोकळ स्क्रू, किमान पाच आटे प्लेटच्या पलीकडे, आणि टोक सांध्यापासून ५ मिलिमीटर तरी लांब. मग पाय गोल फिरवत सी-आर्मवर बघत राहायचं, टोक पृष्ठभागाकडे जवळ येतं आणि परत लांब जातं, मध्ये कुठेही बाहेर डोकावलं नाही तरच जखम बंद. अनस्टेबलमध्ये तर त्याच दिवशी, हलक्या हाताने पोझिशन देताना जेवढं आपोआप बसेल तेवढंच, आणि बरेच जण सांध्यातलं साचलेलं रक्तही मोकळं करतात.

वाकडेपणा उरतोच. फार असेल तर मान पुढे वाटीच्या कडेला आपटत राहते, त्यासाठी पुढे हाड कापून कोन सुधारतात, काही सेंटर्समध्ये बॉलचा रक्तपुरवठा जपून उघडून बसवतात, पण ते त्या कामात मुरलेल्या हातांनीच करावं. आपल्या मुलाचा उजवा खुबा मात्र अजून घसरलेला नाही, पण तोही घसरू शकतो. दर काही महिन्यांनी दोन्ही खुब्यांचा एक्स-रे, प्लेट बंद होईपर्यंत, आणि घरच्यांना एवढं सांगून ठेवायचं की उजवा गुडघा दुखायला लागला तर त्याच दिवशी यायचं.