टोस्टची कड आधी का करपते?

भाच्याच्या वाढदिवसाचा केक उरला होता. साधाच, अंड्याचा, वर क्रीम नसलेला. नाशिकला आषाढाची झड लागली की असा केक दोन-तीन दिवसांत बुरशीच्या हवाली होतो, म्हणून अर्ध्या केकचे रस्क करायला घेतले. एका व्हिडिओत सांगितलं होतं तसा ओव्हन १८० अंशांवर ठेवला. पंधरा मिनिटांनी पाहतो तर कडा काळ्याकुट्ट आणि मधे बोटाने दाबलं तर लुसलुशीत. आई म्हणाली, "तुझा ओव्हनच बिघडलाय." ओव्हन ठणठणीत होता. मीच पाण्याला विसरलो होतो.

माठातलं पाणी गार का राहतं, हे आपण शाळेत शिकलोय: बाष्पीभवन उष्णता खातं. केकच्या कापात तेच चालतं. आत ओलावा आहे तोवर येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते आणि कापाचं तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूपुढे फारसं सरकत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणजे ओव्हन १८०चा असला तरी ओला भाग शंभरीच्या आत सुरक्षित असतो. पाणी हा त्याचा राखणदार.

आता कोपरा बघा. कापाच्या मधल्या भागाला उष्णता वरून आणि खालून मिळते, कोपऱ्याला बाजूंनीही. पाणी निसटायलाही त्याला तितक्याच वाटा. त्यामुळे तिथला राखणदार सगळ्यात आधी पळतो आणि कोरडा झालेला कोपरा थेट ओव्हनच्या तापमानाकडे चढू लागतो. १४० अंशांच्या पुढे साखर आणि प्रथिनं यांच्यातली मेलार्ड अभिक्रिया जोर धरते. लुई कामीय मेलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं. खमंग वास आणि बदामी रंग तिचाच, पण ती आवरली नाही तर पुढची पायरी कोळशाची. केकमध्ये साखर, अंडी, दूध सगळंच भरपूर, त्यामुळे तो पावापेक्षा लवकर करपतो.

म्हणून राखणदार गेल्यावरही कड करपणार नाही, एवढंच तापमान ठेवायचं. दुसऱ्या अर्ध्या केकला मी १२० अंश दिले. आधी तो झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला. ताजा केक सुरीखाली चुरतो. शिळा झाल्यावर त्यातला स्टार्च घट्ट होतो, लोणी गोठतं आणि दातेरी सुरीने, दाब न देता करवतीसारखं कापलं की सरळ काप पडतात. जाडी दीड सेंटीमीटर, सगळीकडे सारखी. काप एका बाजूला निमुळता झाला, तर ती बाजू जळणारच.

जाडीचं गणित जरा विचित्र आहे. आतलं पाणी पृष्ठभागापर्यंत विसरणाने, म्हणजे ओल्या भागाकडून कोरड्या भागाकडे सरकत, झिरपत येतं आणि विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दीडऐवजी दोन सेंटीमीटरचा काप घेतला, तर वेळ नुसता एक-तृतीयांशाने वाढत नाही, जवळजवळ पावणेदोन पट होतो.

काप जाळीवर सुटे मांडले, अर्ध्या वेळेला उलटले आणि त्यातला एक वजनकाट्यावर ठेवत राहिलो. सुरुवातीला ३० ग्रॅम. पंचवीस मिनिटांनी २६, पंचेचाळीसला २४, तासाभराने साडेतेवीस. घट मंदावली की पाणी संपत आलं. रंगावर किंवा बोटाच्या दाबावर भरवसा ठेवू नये, कारण गरम रस्क मऊच लागतो. त्यातली वितळलेली साखर निवल्यावर काचेसारखी कडक होते. "अजून मऊ आहे" म्हणून आणखी दहा मिनिटं ठेवणारे शेवटी कडाच जाळतात. एक काप बाहेर काढून, पूर्ण निववून मोडून पाहावा. मग ओव्हन बंद करून दार किंचित उघडं ठेवायचं आणि बाकीचे आतच निवू द्यायचे.

पावाचा टोस्ट दोनदा भाजलेला म्हणून पथ्याला "हलका", हा समज घरोघरी आहे. हलका होतो तो वजनाला. ४०० ग्रॅम पावात साधारण १४४ ग्रॅम पाणी असतं. टोस्टमध्ये चार टक्के ओलावा राहिला, तर उरतात २६७ ग्रॅम. मैदा होता तेवढाच. म्हणजे वजनाला वजन लावलं, तर टोस्टमध्ये पावाच्या दीडपट ऐवज.

दुसरी खेप एकसारखी बदामी झाली. डबा मात्र मी कोमट असतानाच लावला. आतली वाफ झाकणाला धरली आणि सकाळी चहाच्या वेळी वरचे चार काप नरम निघाले. शंभर अंशांवर दहा मिनिटं ठेवले आणि नीट निवू दिले, तेव्हा पुन्हा कुरकुरले.