माठ, तांब्या आणि जमिनीच्या भेगा

परभणीची माझी सहा वर्षांची भाची मोबाईल घेऊन आली. शाळेच्या पुस्तकातल्या जलचक्राच्या चित्राचा कुणीतरी फोटो काढून पाठवला होता. ट्यूबलाइटची चकाकी नेमकी सूर्यावर, आणि डावीकडची अक्षरं कापलेली. समुद्र, वर जाणारे नागमोडी बाण, ढग, पाऊस, डोंगरावरून उतरणारं पाणी. "मामा, हे वर जाणारं पाणी मला का नाही दिसत?"

प्रश्न रास्त होता. वाफ रंगहीन वायू असते, ती दिसतच नाही. नागमोडी रेषा चित्रकाराने सोयीसाठी काढलेल्या. मी तिला माठापाशी नेलं. मे महिना होता. माठाच्या अंगातून झिरपलेलं पाणी कोरड्या हवेत उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. हेच बाष्पीभवन. सकाळी गळ्यापर्यंत भरलेला माठ संध्याकाळी थोडा उतरला होता, कुणी प्यायलं नव्हतं तरी.

मग सांद्रीभवन दाखवायला फ्रीजचं पाणी तांब्यात ओतलं. माझी फजिती झाली, तांब्या कोरडाच! त्या दिवशी हवेत वाफ इतकी कमी होती की फ्रीजमधल्या पाण्याइतका गारवाही तिचे थेंब करायला पुरला नाही.

जूनअखेर पुन्हा तेच केलं. दोन मिनिटांत तांब्या घामाघूम. "गळतोय!" ती म्हणाली. मी आत हळद कालवली. बाहेरचे थेंब स्वच्छच राहिले, म्हणजे ते हवेतून आले होते. ढगही असेच बनतात. हवा वर चढताना गार होते आणि धुळीच्या किंवा मिठाच्या बारीक कणांवर थेंब धरतात. ढग म्हणजे वाफ नव्हे, थेंबच. गंमत अशी, की तांब्याला घाम फुटू लागला की माठाचं पाणी पूर्वीसारखं गार होत नाही. हवेत आधीच भरपूर वाफ असते.

राहिला वाहून जाणाऱ्या पाण्याचा बाण, म्हणजे अपधाव. चित्रात पाऊस पडला की पाणी लगेच वाहतं. आमच्या काळ्या जमिनीत तसं होत नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या पावसानंतरही त्या उघड्याच होत्या. भाचीने एका भेगेत तांब्याभर पाणी ओतलं, ते दिसेनासं झालं. ऑगस्टमध्ये तीच जागा पाहिली. चिकणमाती पाणी पिऊन फुगलेली, भेगा मिटलेल्या. तेवढंच पाणी आता वरच राहिलं आणि गढूळ होऊन ओढ्याकडे निघालं.

ओढ्यातून ते गोदावरीत जातं, आणि गोदावरी पूर्वेला बंगालच्या उपसागराला मिळते. पावसाळी वारे मात्र बरीचशी वाफ पश्चिमेच्या अरबी समुद्रावरून आणतात. हे सांगितल्यावर तिने फोटो मोठा करून पाहिला.

"मग यात एकच समुद्र कसा काय?"