प्रक्षेप-छेद प्रमेय

वस्तूतून किरण आरपार सोडून तिच्या आतील छेदाचे चित्र घडवण्याच्या तंत्राचा आधार असलेले, वस्तूच्या सपाट छेदाचा एका दिशेने घेतलेला प्रक्षेप आणि त्या छेदाचे द्विमितीय फूरिये रूपांतर, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतांच्या लहरींत केलेली फोड, यांचा संबंध सांगणारे प्रमेय. प्रक्षेपाचे एकमितीय रूपांतर हे द्विमितीय रूपांतराच्या मध्यबिंदूतून जाणाऱ्या एका रेषेवरील किमतींइतके असते, आणि ती रेषा प्रक्षेपाच्या अक्षाला, म्हणजे किरण टिपणाऱ्या शोधकांच्या रांगेला, समांतर असते. रोनाल्ड ब्रेसवेल यांनी 1956 साली रेडिओ खगोलशास्त्रात ते वापरले.

मूळ किरणाची तीव्रता आणि वस्तूतून बाहेर पडलेल्या किरणाची तीव्रता यांच्या गुणोत्तराचा लॉगरिदम घेतला, की त्या किरणाच्या वाटेवरील क्षीणन गुणांकांची, म्हणजे प्रत्येक ठिकाणी किरण किती क्षीण होतो हे सांगणाऱ्या संख्यांची, बेरीज मिळते. अशा समांतर किरणांच्या बेरजांची रांग म्हणजे प्रक्षेप.

प्रमेय का खरे ठरते, हे एका बिंदूवरून पाहता येते. छेदात (a, b) येथे एकच क्षीणक बिंदू आहे असे धरू. अक्ष θ कोनात असताना त्याचा ठसा t = a cos θ + b sin θ येथे पडतो, आणि ω ही वारंवारता धरली, तर त्या ठशाचे रूपांतर e^(−2πiωt) होते. u आणि v या दोन दिशांतील वारंवारता धरल्या, तर याच बिंदूचे द्विमितीय रूपांतर e^(−2πi(ua+vb)) आहे; त्यात u = ω cos θ आणि v = ω sin θ घातले की दोन्ही राशी तंतोतंत एक होतात. कोणताही छेद अशा बिंदूंची भारित बेरीज असतो, आणि प्रक्षेप व रूपांतर या दोन्ही क्रिया बेरीज जपतात. म्हणून एका बिंदूची ही पडताळणी साऱ्या छेदाला पुरते. किरणांच्या दिशेने बेरीज केल्यावर त्या दिशेतील चढउतार पुसले जातात आणि अक्षावरचे तेवढे उरतात, हा या समीकरणाचा अर्थ आहे.

अक्ष 180 अंशांतून फिरवला की या रेषा रूपांतराचे सर्व प्रतल व्यापतात, पण सारख्या दाटीने नव्हे. प्रत्येक अंशाला एक असे 180 प्रक्षेप घेतले, तर मध्यापासून 10 नमुना-अंतरांवर शेजारच्या रेषांत सुमारे 0.17 अंतर असते, 57 वर ते जवळजवळ 1 होते आणि 100 वर 1.75. मध्याजवळची ही गर्दी तशीच ठेवून प्रक्षेप उलटे पसरले, म्हणजे प्रत्येक प्रक्षेपाच्या किमती आपापल्या किरणांच्या वाटेवर परत पसरून सर्वांची बेरीज केली, तर चित्र धूसर येते. म्हणून उलटे पसरण्याआधी प्रत्येक प्रक्षेपाचे रूपांतर |ω| ने गुणतात. हा गुणक उच्च वारंवारतेवरील गोंगाटही वाढवतो, त्यामुळे व्यवहारात तो वरच्या टोकाला सौम्य केला जातो. मात्र बाहेरच्या भागात रेषाच विरळ असतील, तर कोणताही गुणक त्यांमधली माहिती निर्माण करत नाही, आणि तीक्ष्ण कडांपासून निघणारे पट्टे चित्रात दिसू लागतात.

काही कोन मोजलेच नाहीत, तर रूपांतरात पाचरीच्या आकाराची पोकळी राहते. ज्या कडांची लंबदिशा त्या पाचरीत येते त्या कडा अस्पष्ट होतात, बाकीच्या ठळक राहतात. एकाच वर्तुळाची काही बाजू स्पष्ट आणि काही विरघळलेली दिसली, तर कोन अपुरे असल्याची ती खूण असते.

प्रमेय समांतर किरणांपुरते आहे. पंख्यासारख्या पसरणाऱ्या किरणांची मोजमापे आधी समांतर गटांत फेरमांडावी लागतात, किंवा त्यांच्यासाठी वेगळे सूत्र वापरावे लागते.