इन्व्हॉइसवर क्यूआर कोड आणि बँक संदर्भ क्रमांक: पात्रता, कागदपत्रे आणि पद्धत

जमा रक्कम बिलाशी आपोआप जुळावी म्हणून इन्व्हॉइसवर क्यूआर कोड छापायचा, तर सर्वांत आधी विचारलं जातं ते हे, की यासाठी परवानगी कुणाची लागते? इथे सेपा या युरोपीय देशांच्या समाईक व्यवस्थेतून युरोत होणाऱ्या बँक ट्रान्स्फरची पद्धत सांगतो, कारण तिचे नियम खुले आहेत आणि तीत संदर्भ क्रमांक ग्राहकाच्या फोनपासून तुमच्या स्टेटमेंटपर्यंत प्रवास करू शकतो.

पात्रता आणि अर्ज

सेपा क्षेत्रात आयबॅन म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक असलेलं आणि युरोत जमा घेणारं खातं असेल, तर तुम्ही पात्र आहात. क्यूआर कोड बनवायला नोंदणी किंवा परवाना लागत नाही. संदर्भ क्रमांकही बँक देत नाही, आयएसओ 11649 या मानकाप्रमाणे तो आपला आपणच तयार करायचा.

अर्ज लागतो तो दुसऱ्या टोकाला, पैसे आल्यावर. पीडीएफ स्टेटमेंटवरून संगणकाला जुळवणी नीट करता येत नाही. त्यासाठी बँकेकडून `camt.053` ही दिवसअखेरच्या स्टेटमेंटची फाइल सुरू करून घ्यावी लागते. बँक अनेक जमा एकत्र करून एकच बेरीज दाखवत असेल, तर प्रत्येक जमेचा तपशील देणारी `camt.054` सुद्धा मागा. काही बँकांत हे ऑनलाइन बँकिंगमधूनच चालू होतं, काहींकडे फॉर्म भरावा लागतो. साधारणपणे लागतात ती कागदपत्रं अशी: व्यवसाय नोंदणीचा उतारा, सही करण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीचा ओळखपुरावा, कोणकोणत्या खात्यांसाठी फाइल हवी त्यांची यादी, आणि फाइल कोण उतरवून घेणार याचं अधिकारपत्र. अर्जात एक वाक्य आवर्जून लिहा: «ग्राहकाने दिलेला संदर्भ क्रमांक फाइलमध्ये स्वतंत्र रकान्यात मिळावा.» फाइलमध्ये तो `CdtrRefInf` या भागात येतो. तिथे तो येत नसेल, तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

संदर्भ क्रमांक कसा काढायचा

हा क्रमांक `RF` ने सुरू होतो, मग दोन ताळ्याचे अंक येतात आणि मग तुमचा स्वतःचा क्रमांक, जास्तीत जास्त २१ अक्षरांचा. समजा ग्राहक ३१८ आणि बिल ०४१७, म्हणजे आपला क्रमांक `3180417`. त्याच्या शेवटी `RF00` जोडायचं. अक्षरांना अंक द्यायचे, A म्हणजे १० पासून मोजत R चे २७ आणि F चे १५. हाती येतं:

```
3180417271500
```

याला ९७ ने भागलं की बाकी ६६ उरते. ९८ मधून ६६ वजा केले की ३२. हेच ताळ्याचे अंक. पूर्ण क्रमांक झाला `RF323180417`.

ताळा पाहायचा तर `00` च्या जागी `32` घालून पुन्हा ९७ ने भागा, बाकी १ यायला हवी. कुणी घाईत `3180417` ऐवजी `3180471` टाइप केलं, तर बाकी ४ येते आणि चूक तिथेच उघडी पडते. साध्या बिल क्रमांकाला हे जमत नाही. शेवटचे दोन अंक उलटे पडले तरी तो कुठल्या तरी दुसऱ्या बिलाचा खरा क्रमांक असू शकतो, आणि मग पैसे भलत्याच ग्राहकाच्या खात्यावर चढतात.

क्यूआर कोडच्या आत काय असतं

आत साधा मजकूर असतो, ओळीला एक माहिती, आणि ओळींचा क्रम ठरलेला. आपल्या बिलाचा मजकूर असा होईल:

```
BCD
002
1
SCT

ACCOUNT HOLDER NAME
DE89370400440532013000
EUR1250.00

RF323180417
```

यातल्या दोन रिकाम्या ओळींकडे नीट पाहा. पाचवी ओळ बँक ओळखणाऱ्या बीआयसी कोडची आहे, आणि युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या खात्यासाठी आवृत्ती `002` मध्ये ती रिकामी ठेवता येते. नववी व्यवहाराच्या हेतूची आहे, तीही रिकामी चालते. पण ओळ म्हणून त्या हव्यातच. मी पहिल्यांदा हे बसवलं तेव्हा बिल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने नववी रिकामी ओळ गाळून टाकली होती. संदर्भ क्रमांक एक ओळ वर सरकून हेतूच्या जागी जाऊन बसला. एका बँकेच्या अ‍ॅपने कोड नाकारला, ते बरंच झालं. दुसऱ्याने नाव, खातं, रक्कम सगळं बरोबर दाखवलं आणि संदर्भ मात्र गुपचूप टाकून दिला. पैसे येत राहिले, जुळत मात्र एकही नव्हते. म्हणून चाचणी करताना कोड स्कॅन झाला एवढ्यावर थांबू नका, अ‍ॅपच्या पडद्यावर `RF` ने सुरू होणारा क्रमांक दिसतोय का ते पाहा. चाचणी किमान दोन वेगवेगळ्या बँकांच्या अ‍ॅपमधून करा.

रकमेत दशांशासाठी टिंबच वापरायचं, स्वल्पविराम नाही. दहाव्या ओळीत संदर्भ असेल तर अकराव्या ओळीत मोकळा मजकूर लिहायचा नाही, नियमाने दोन्हीपैकी एकच चालतं. कोडच्या मधोमध लोगो बसवू नका. ठरवून दिलेली दुरुस्तीची पातळी `M` आहे आणि तिच्यात नुकसान सोसण्याची ताकद मर्यादित असते, ती छपाईतल्या डागांसाठी राहू द्या. नाव बँकेत नोंदलेलं आहे तसंच घ्या. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो क्षेत्रात पैसे पाठवणाऱ्याची बँक नाव आणि आयबॅन जुळतात का ते आधी तपासते, आणि नाव वेगळं दिसलं की ग्राहकाला इशारा जातो.

क्यूआर शेजारी आयबॅन, रक्कम आणि संदर्भ अक्षरांतही छापा, क्रमांक चारचारच्या गटात: `RF32 3180 417`. संगणकावरून पैसे भरणारा ग्राहक स्कॅन करत नाही, तो टाइप करतो.

जमा आल्यावर

नियम थोडे आणि कडक ठेवा. संदर्भाचा ताळा बरोबर, बिल उघडं आणि रक्कम तंतोतंत तेवढीच, तर बिल आपोआप बंद. संदर्भ बरोबर पण १२५० ऐवजी १२०० आले, तर जमा त्याच बिलावर चढवायची, ५० येणे ठेवायचे आणि बिल उघडंच राहू द्यायचं. संदर्भ ओळखला पण बिल आधीच बंद असेल, तर ग्राहकाने बहुधा तोच कागद दुसऱ्यांदा स्कॅन केला आहे. ही रक्कम परत करायची की पुढच्या बिलात वळती करायची, हे ग्राहकाला विचारून माणसानेच ठरवावं. संदर्भ नसेल तर नुसती रक्कम सारखी आहे म्हणून बिल बंद करू नका. दरमहा तेवढ्याच रकमेची बिलं जात असतील तर ही चूक महिनोन् महिने लक्षात येत नाही.

एक अडचण या पद्धतीने सुटत नाही. ग्राहकाने तीन बिलांचे पैसे एकदम पाठवले, तर तो त्यातल्या एकाचाच संदर्भ देतो. असे ग्राहक ठरलेले असतात. त्यांना महिनाअखेरीला एकच एकत्रित बिल, एकाच संदर्भासह पाठवायचं ठरवून घ्या.

यूपीआय वापरणाऱ्यांसाठी: तिथे हाच संदर्भ क्यूआरमधल्या `tr` या जागी जातो, `tn` मध्ये नाही, `tn` हा नुसता शेरा आहे. `tr` तुम्हाला परत कुठल्या अहवालात दिसेल, हे व्यापारी खातं घेतानाच बँकेला लेखी विचारून ठेवा.